मेंढी चोरली बापाने, साक्ष द्यायची का मुलाने?

प्रश्न: कन्फ्यूशियसच्या नीतीत आईवडिलांचा मान आणि समाजातला सलोखा सगळ्यांत वर, असं आम्हाला शिकवतात आणि शेजारी 'पाश्चात्त्य व्यक्तिगत हक्क' असा दुसरा रकाना काढून देतात. मला हे दोन रकाने पटत नाहीत. बाप चुकत असेल तर मुलाने तोंड मिटून बसायचं, असंच कन्फ्यूशियसचं म्हणणं आहे का?

उत्तर:

नाही, तसं त्याचं म्हणणं नाही. तोंड उघडायला त्याची पूर्ण मुभा आहे, उलट न उघडणाऱ्या मुलाला तो रागावतो. प्रश्न येतो तो पुढे. तोंड उघडायचं कुणासमोर, आणि ऐकणाऱ्याने ऐकलंच नाही तर जायचं कुठे? हक्कांचा विचार खऱ्या अर्थाने याच ठिकाणी वेगळा पडतो.

मी बावीस वर्षं चिनी तत्त्वज्ञान आणि तुलनात्मक नीतिशास्त्र शिकवते आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी एकच गोष्ट सांगते. ती 'लुन्यू'मध्ये, म्हणजे कन्फ्यूशियसच्या संवादांच्या संग्रहात, तेराव्या अध्यायात आहे. छू राज्यातल्या षे या भागाचा अधिपती कन्फ्यूशियसला मोठ्या अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे एक फार सरळ माणूस आहे. त्याच्या बापाने मेंढी चोरली, तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली." कन्फ्यूशियस म्हणतो, "आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. बाप मुलासाठी लपवतो, मुलगा बापासाठी लपवतो. सरळपणा त्यातच असतो."

एवढाच उतारा आहे. पण तो हळू वाचायला हवा. 'चोरली' या अर्थी मुळात जो शब्द आहे, तो दरोडेखोराच्या चोरीचा नाही. जुने भाष्यकार सांगतात की भटकत आपल्या आवारात आलेलं दुसऱ्याचं जनावर गुपचूप ठेवून घेणं, असा त्याचा अर्थ. 'लपवतो' या शब्दाचाही अर्थ खोटं बोलतो असा होत नाही. मी तो 'स्वतः होऊन उघड करत नाही' असा वाचते. शपथेवर खोटं सांगावं, मेंढी कापून पुरावा नाहीसा करावा, असं कन्फ्यूशियस कुठेही म्हणत नाही. चोरी बरोबर होती असंही म्हणत नाही. शेवटचं वाक्य तर आणखी सावध आहे. लपवणं म्हणजेच सरळपणा असं ते म्हणत नाही, सरळपणा त्याच्या आत असतो असं म्हणतं. बापाला पकडून द्यायला निघालेल्या मुलाच्या मनात काहीच हलत नसेल, तर तो सरळ नाही, त्याच्या आतलं काहीतरी तुटलेलं आहे, असा हा विचार आहे.

गोष्ट सांगून झाली की मी वर्गाला विचारते, तुम्ही साक्ष दिली असती का? साधारण निम्मे हात वर होतात. मग मी दुसरा प्रश्न विचारते: मेंढी कुणाची होती?

या प्रश्नाने वर्ग गप्प होतो, कारण गोष्टीत तो माणूसच नाही. अधिपतीला त्याचं नाव माहीत नाही, कन्फ्यूशियस त्याची चौकशी करत नाही. शेजारच्या शेतकऱ्याची एक मेंढी गेली, त्याच्या घरात त्या वर्षी लोकर कमी आली असेल, आणि अडीच हजार वर्षांच्या चर्चेत त्याला फारच थोड्या लोकांनी विचारलं. हक्कांची भाषा त्या मेंढीवाल्यापासून सुरू होते. माझ्या मते तुमच्या दोन रकान्यांऐवजी हा एक प्रश्न हातात धरावा. तो पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. प्राचीन चीनमध्ये पितृभक्तीच्या विरुद्ध बाजूला 'व्यक्ती' उभी नव्हती. तिथे राज्यसत्ता उभी होती. हान फेइ हा सत्तेच्या बाजूने लिहिणारा विचारवंत. तो हीच गोष्ट सांगतो, पण शेवट बदलून. त्याच्या गोष्टीत मुलगा अधिकाऱ्याकडे जाऊन बापाची चोरी सांगतो, आणि मंत्री हुकूम देतो की या मुलालाच मारा, कारण हा राजाशी सरळ पण बापाशी वाकडा वागला. हान फेइला हा निकाल अजिबात आवडत नाही. राजाचा सरळ प्रजाजन तो बापाचा उद्धट मुलगा, आणि बापाचा चांगला मुलगा तो राजाचा बेभरवशाचा प्रजाजन, असा हिशोब तो मांडतो. त्याला घर हे राज्याच्या आड येणारं कुंपण वाटतं. म्हणजे कन्फ्यूशियसने लपवण्याला परवानगी दिली, तेव्हा तो व्यक्तीला दाबत नव्हता. घराच्या उंबऱ्याबाहेर सत्तेला थांबवत होता. हक्कांचं एक मोठं काम हेच असतं. इथवर दोन्ही विचार एकाच बाजूला आहेत.

ते कुंपण पाडलं की काय होतं, हे चीनने विसाव्या शतकात पाहिलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात आईवडिलांविरुद्ध तक्रार करणं हा मुलांचा गुण मानला गेला. १९७० मध्ये अन्हुइ प्रांतात एका आईने घरातल्या घरात बोलताना माओवर टीका केली. तिच्या किशोरवयीन मुलाने आणि नवऱ्याने ते वर कळवलं. दोन महिन्यांच्या आत तिला गोळी घालण्यात आली. १९८० मध्ये ती निर्दोष ठरली. मुलाने पुढे उतारवयात जाहीरपणे आपला अपराध कबूल केला. ही हकिकत मी वर्गात सांगते तेव्हा साक्षीसाठी वर गेलेले हात आठवून काही मुलं अस्वस्थ होतात. व्हायलाच हवं.

आता मूळ प्रश्न, तोंड मिटून बसण्याचा. 'श्यावचिंग' म्हणजे पितृभक्तीवरचा छोटा ग्रंथ. त्यात शिष्य झेंगझी विचारतो, वडील सांगतील ते सगळं ऐकणं म्हणजे पितृभक्ती का? कन्फ्यूशियस जवळपास ओरडतोच, "हे काय बोलणं झालं! हे काय बोलणं झालं!" आणि सांगतो की बापाला अडवणारा मुलगा घरात असेल तर बाप अधर्मात पडत नाही. म्हणून चुकीच्या गोष्टीत मुलाने बापाशी वाद घातलाच पाहिजे. 'लुन्यू'च्या चौथ्या अध्यायात तो वाद कसा घालायचा तेही आहे: हळुवारपणे, आदर न सोडता, ऐकलं नाही तरी चिडून न जाता.

याच झेंगझीची दुसरी एक गोष्ट नंतरच्या ग्रंथांत येते. मला ती फार महत्त्वाची वाटते. तो खरबुजांच्या वेलांत खुरपत होता आणि चुकून एका वेलाचं मूळ तुटलं. बाप संतापला. जाड दांडका उचलून त्याने मुलाच्या पाठीत घातला. मुलगा बेशुद्ध पडला. बऱ्याच वेळाने शुद्धीवर आल्यावर तो उठला, बापाजवळ गेला आणि विचारलं, "मला शिकवताना तुम्हाला फार श्रम तर झाले नाहीत ना?" मग आपल्या खोलीत जाऊन तंतुवाद्य वाजवत गायला लागला, का, तर आपण ठीक आहोत हे बापाला भिंतीपलीकडून ऐकू यावं.

आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनात हा मुलगा आदर्श ठरला असता. कन्फ्यूशियसला कळलं तेव्हा त्याने दारावरच्या शिष्यांना सांगितलं, झेंगझी आला तर त्याला आत सोडू नका. का? त्याने जुना राजा शुन याचा दाखला दिला. शुनचा बाप दुष्ट होता. बारीक छडी असेल तेव्हा शुन मार खायचा, जाड दांडका असेल तेव्हा पळून जायचा. बाप त्याला ठार मारायला शोधायचा तेव्हा तो सापडायचा नाही. तू मात्र अंग पुढे केलंस, मेला असतास तर बाप खुनी झाला असता. याहून मोठा पितृद्रोह कोणता?

आता या गोष्टीत मेंढीवाला शोधा. मार खाणारा मुलगा हाच इथला मेंढीवाला आहे. कन्फ्यूशियस त्याला वाचवतो, पळ म्हणतो. पण कारण कोणतं देतो ते बघा. तुझं शरीर तुझं आहे, त्यावर घाव घालायचा बापाला अधिकार नाही, असं तो म्हणत नाही. बापावर खुनाचं पाप येईल, आणि तू सम्राटाचा प्रजाजन आहेस, तुला मारणं हा बापाचा गुन्हा ठरेल, असं म्हणतो. मुलगा वाचतो, पण बापाच्या नावाने वाचतो. वागण्याचा निकाल एकच लागला, कारणं मात्र वेगळी. कारणांना इतकं धरून का बसायचं, असं तुम्ही विचाराल. कारण दांडका बारीक असेल, रोजचा असेल, खुनापर्यंत जाणारा नसेल, तेव्हा बापाच्या पापाचं कारण लागू पडत नाही. मुलाच्या शरीराचं कारण मात्र तेव्हाही लागू पडतं.

'लीची' हा विधिनियमांचा ग्रंथ. त्यात या विचाराची सीमा एका वाक्यात दिसते. राजाला तीनदा समजावून सांगितलं, त्याने ऐकलं नाही, तर मंत्र्याने त्याला सोडून जावं. आईवडिलांना तीनदा समजावून सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, तर मुलाने रडत रडत त्यांच्या मागे जावं. राजाची नोकरी सुटते, बापाचं नातं सुटत नाही. बाप खरोखर चांगला असेल तर या रडण्याने त्याला पाझर फुटेल, हा विश्वास त्यामागे आहे. तो विश्वास मी हलका मानत नाही. बहुतेक घरांत शेवटी तोच उपयोगी पडतो. पण ज्या घरात तो चालत नाही, तिथे या नीतीकडे पुढचं पाऊल नाही.

सलोख्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचाही असाच विपर्यास होतो. सलोखा म्हणजे सगळ्यांनी मान डोलावणं असा अर्थ चिनी परंपरेतच नाकारला आहे. इसवी सनपूर्व ५२२ मध्ये छी राज्याचा मंत्री यान यिंग आपल्या राजाला सांगतो की सलोखा रश्शासारखा असतो. पाणी, विस्तव, आंबवलेलं कालवण, मीठ, आंबट आलुबुखार यांत मासा शिजतो, आचारी कमी असेल ते घालतो, जास्त असेल ते उतरवतो. राजा 'हो' म्हणाला त्यात जे 'नाही' असेल ते मंत्र्याने दाखवायचं. पाण्यात पाणी ओतलं तर ते कोण खाईल? 'लुन्यू'तही कन्फ्यूशियस सांगतो की थोर माणूस सलोखा राखतो पण एकसारखा होत नाही, हलका माणूस एकसारखा होतो पण सलोखा राखत नाही. तेव्हा सलोख्याचं नाव घेऊन कुणी विरोधकाचं तोंड बंद करत असेल, तर त्याला आधार कन्फ्यूशियसचा नाही. तरीही इथे एक अडचण उरतेच: रश्शात काय घालायचं हे आचारी ठरवतो. मिठाने स्वतः होऊन उडी घ्यायची सोय त्यात नाही.

मग हे सगळं कायद्यात उतरलं, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. सुरुवात चांगली होती. इसवी सनपूर्व ६६ मध्ये हान सम्राट श्वानने फर्मान काढलं की मुलाने आईवडिलांना, बायकोने नवऱ्याला, नातवाने आजीआजोबांना लपवलं तर खटला भरू नये. बापलेकांचं प्रेम निसर्गाने दिलेलं आहे, संकटातही ते जिवावर उदार होऊन एकमेकांना धरून राहतात, हे कारण फर्मानातच लिहिलं होतं. उलट बाजूने, म्हणजे बापाने मुलाला किंवा नवऱ्याने बायकोला लपवलं आणि मूळ गुन्हा देहान्ताचा असेल, तर प्रकरण वरच्या न्यायाधिकाऱ्याकडे पाठवायचं. हे झुकतं माप लक्षात ठेवा.

थांग घराण्याच्या सातव्या शतकातल्या संहितेत ही सवलत पक्की झाली आणि तिच्या शेजारी तिचा उलटा भाऊ येऊन बसला. लपवलं तर शिक्षा नाही, हे झालंच. पण आता न लपवलं तर शिक्षा आली. आईवडिलांविरुद्ध किंवा आजीआजोबांविरुद्ध फिर्याद करणाऱ्याला गळा आवळून मृत्युदंड. फिर्याद खरी असली तरी. आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद झाली त्या बापाला, घरच्याच माणसाने सांगितलं म्हणून, स्वतः होऊन हजर झाल्यासारखी सवलत. मेंढीच्या गोष्टीत हे बसवून बघा. मुलगा जाऊन सांगतो, मुलगा मरतो, बाप सुटतो. कन्फ्यूशियसने मुलाला दिलेली ढाल इथे मुलाच्या तोंडात कोंबलेला बोळा झाली.

त्याच संहितेतले आणखी आकडे सांगते. मुलाने आईवडिलांना शिवीगाळ केली तर गळा आवळून मृत्युदंड, हात उचलला तर शिरच्छेद. मुलाने आज्ञा मोडली म्हणून बापाने त्याला मारता मारता ठार केलं तर बापाला दीड वर्ष सक्तमजुरी, शस्त्राने मारलं तर दोन वर्षं. झेंगझी त्या दांडक्याने मेला असता तर त्याच्या जिवाची किंमत दीड वर्ष होती. आणि या सगळ्याला एक अपवाद होता. बंड, राजद्रोह असले गुन्हे बापाने केले असतील तर मात्र लपवायचं नाही, सांगायचंच. म्हणजे मेंढी शेजाऱ्याची असेल तर मुलाने गप्प राहायचं, मेंढी सम्राटाची असेल तर धावत जायचं. घराचं कुंपण सत्तेला अडवायला उभं केलं होतं. सत्तेने ते स्वतःपुरतं काढून टाकलं आणि बाकीच्यांसाठी ठेवून दिलं. हे कन्फ्यूशियसच्या वचनातून आपोआप निघत नाही, हे मी ठामपणे सांगते. पण मेंढीवाल्याला गोष्टीत जागाच नव्हती, म्हणून असं करणं सोपं गेलं, हेही तितकंच खरं.

विसाव्या शतकात हा हिशोब न्यायालयात मांडला गेला तो जपानमध्ये. तो खटला थोडा सविस्तर सांगते, कारण दोन्ही विचारांची टक्कर इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९०७ च्या जपानी दंडसंहितेत साध्या खुनासाठी कलम १९९ होतं: मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान तीन वर्षं कैद. आईवडिलांच्या किंवा त्यांच्या वरच्या पिढीच्या खुनासाठी वेगळं कलम २०० होतं: मृत्युदंड किंवा जन्मठेप, तिसरा पर्यायच नाही. १९५० मध्ये, म्हणजे नवी राज्यघटना आल्यानंतरही, सर्वोच्च न्यायालयाने अशा वाढीव शिक्षा वैध ठरवल्या होत्या. आईवडिलांचा मान हा मानवी नीतीचा पायाच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

१९६८ मध्ये तोचिगी प्रांतात २९ वर्षांच्या एका स्त्रीने बापाला गळा आवळून मारलं. ती चौदा वर्षांची असल्यापासून बाप तिच्यावर बलात्कार करत होता. त्याच्यापासून तिला पाच मुलं झाली होती. कामावर भेटलेल्या एका तरुणाशी लग्न करायचं तिने ठरवलं, तेव्हा बापाने तिला घरात कोंडून ठेवलं, आणि त्याच दिवसांत हे घडलं. आता कायद्याचं गणित बघा. कलम २०० खाली शिक्षा जन्मठेपेपासून सुरू. कायद्याने मिळू शकणाऱ्या सगळ्या सवलती दोनदा लावल्या तरी ती साडेतीन वर्षांखाली येत नाही. आणि शिक्षा स्थगित ठेवायची तर ती तीन वर्षं किंवा त्याहून कमी असावी लागते. म्हणजे न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी या बाईला तुरुंगात पाठवल्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, केवळ मेलेला माणूस तिचा बाप होता म्हणून. तो परका असता तर होतं.

४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पंधरापैकी चौदा न्यायाधीशांनी कलम २०० घटनाबाह्य ठरवलं. तिला साध्या खुनाखाली अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि ती स्थगित ठेवण्यात आली. पण चौदा जणांची कारणं एक नव्हती, आणि तुमच्या अभ्यासासाठी खरा मजकूर तिथेच आहे. आठ जण म्हणाले, आईवडिलांच्या आदराला कायद्याने विशेष संरक्षण देणं चूक नाही, पण शिक्षेतला फरक कमालीचा मोठा आहे. सहा जण म्हणाले, असं वेगळं कलम असणंच सगळ्या माणसांच्या समतेच्या विरुद्ध आहे. म्हणजे बहुमताने पितृभक्ती टाकून दिली नाही, तिच्या नावाने किती किंमत वसूल करायची याला मर्यादा घातली. सहा जणांनी मात्र सुरुवात दुसऱ्या टोकापासून केली: समोर आधी एक माणूस उभा आहे, मुलगी नंतर.

मी त्या सहा जणांच्या बाजूची आहे. तरी आठ जणांना मी जुनाट म्हणणार नाही. त्यांच्या निकालाने ती बाई घरी गेली, आणि त्यानंतर सरकारी वकिलांनी ते कलम वापरणं बंद केलं. पुस्तकातून ते १९९५ मध्ये निघालं. कन्फ्यूशियसला हा खटला कुणी सांगितला असता तर तो काय म्हणाला असता, असं विद्यार्थी विचारतात. जाड दांडक्यापुढून पळून जा, हे त्याने म्हटलंच असतं. पण ती पळू शकत नव्हती. दार बंद होतं.

आपल्याकडे काय आहे? भारतीय पुरावा कायद्याचं कलम १२२ नवराबायकोने लग्नाच्या काळात एकमेकांना सांगितलेलं न्यायालयात उघड करू देत नव्हतं, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२८ म्हणून चालू आहे. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या गुन्ह्यातून सूटही फक्त नवऱ्याला किंवा बायकोला आहे. बापाला आणि मुलाला यातलं काहीच नाही. श्रावणबाळाच्या गोष्टी सांगणाऱ्या देशात मुलाला बापाविरुद्ध साक्षीला बोलावता येतं, हे वकिली न शिकलेल्या कित्येकांना माहीत नसतं. हे कलम इंग्रजांनी त्यांच्या समजुतीने घडवलं, आणि त्यांच्या समजुतीत पवित्र नातं होतं ते लग्नाचं.

चीनने २०१२ मध्ये फौजदारी प्रक्रिया कायदा सुधारला, त्यात जुनी सवलत थोडीशी परत आली. साक्षीदाराला न्यायालयात हजर राहायची सक्ती करता येते, पण आरोपीची जोडीदार, आईवडील आणि मुलं यांना नाही. वाचायला हे छान वाटतं. पण सूट आहे ती फक्त न्यायालयात हजर राहण्यातून. पोलिसांनी आधी घेतलेला जबाब तसाच राहतो आणि तो न्यायालयात वापरता येतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये चीनान इथे बो शीलाइ या बड्या नेत्याचा भ्रष्टाचाराचा खटला चालला, तेव्हा हे उघड्यावर आलं. त्याच्या पत्नीच्या, गु काइलाइच्या, जबाबाची ध्वनिचित्रफीत दाखवली गेली. तिला समोर बोलवा अशी मागणी बचावाकडून झाली. न्यायालयाने सांगितलं की ती यायला तयार नाही आणि तिला सक्ती करता येत नाही. नात्याच्या रक्षणासाठी केलेल्या कलमामुळे नवऱ्याविरुद्धचा तिचा जबाब कामकाजात राहिला, आणि तिला समोरासमोर प्रश्न विचारायची सोय तेवढी गेली. बो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. उलटतपासणीचा हक्क शेजारी नसेल तर कुटुंबाची सवलत कुणाच्या बाजूने फिरेल हे सांगता येत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

'पूर्व विरुद्ध पश्चिम' या रकान्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या परीक्षकाला जरूर लिहा. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा १९४८ मध्ये संमत झाला, त्याच्या मसुदा समितीत चीनचे पी. सी. चांग होते. पहिल्या कलमात माणसाला फक्त 'बुद्धी' असते एवढंच राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मनात कन्फ्यूशियसचा 'रन' हा शब्द होता, ज्याच्या अक्षरात माणूस आणि दोन या खुणा एकत्र आहेत: दुसऱ्या माणसाची जाण. भाषांतर करताना तो 'सदसद्विवेक' झाला, थोडा फिका झाला, पण आत राहिला. त्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, ती बदलून 'सर्व माणसं' करून घेणाऱ्या प्रतिनिधी आपल्या हंसा मेहता. ते कलम कुठल्या रकान्यात टाकायचं ते परीक्षकाला ठरवू द्या.

आणि हा वाद अजून संपलेला नाही, हे पाहायचं असेल तर दक्षिण कोरियाकडे बघा. तिथल्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम २२४ सांगतं की आपल्या किंवा जोडीदाराच्या आईवडिलांविरुद्ध, आजीआजोबांविरुद्ध फौजदारी फिर्याद करता येत नाही. थांग संहितेचा हा दूरचा वंशज आहे, मृत्युदंड वजा करून. फेब्रुवारी २०११ मध्ये घटना न्यायालयापुढे ते आलं. नऊपैकी पाच न्यायाधीश म्हणाले हे घटनाबाह्य आहे, चार म्हणाले नाही. कायदा रद्द करायला सहा मतं लागतात, म्हणून ते कलम राहिलं. पण कौटुंबिक हिंसा आणि लैंगिक अत्याचार यांच्यासाठीच्या विशेष कायद्यांनी त्याला दार ठेवलं आहे. अशा गुन्ह्यांत मुलगा किंवा मुलगी आईवडिलांविरुद्धही फिर्याद करू शकते. बापाने शेजाऱ्याची मेंढी चोरली असेल तर मुलाला फिर्याद करता येत नाही, दांडका उचलला असेल तर येते.